उंची पायाबाहेर पडली की क्षेत्रफळ चुकतं : विशालकोन त्रिकोणाची दुरुस्ती

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी संध्याकाळी पाचवी ते दहावीच्या मुलांचं गणित घेतो. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे ½ × पाया × उंची, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. काटकोन त्रिकोण बरोबर येतो, लघुकोन त्रिकोणही येतो. मात्र एक कोन ९० अंशांपेक्षा मोठा झाला की त्याच मुलांची उत्तरं बिघडतात. गावातली मोठी माणसं तिकोनी वावराचा तुकडा मोजून आकडे घेऊन येतात, त्यांच्याही कागदावर हीच चूक असते. म्हणून हा बिघाड ओळखायचा आणि काढायचा क्रम एकदा लिहून ठेवतो.

सगळीकडे एकच त्रिकोण वापरू. पाया अब ९ सेमी, बाजू बक १० सेमी, बाजू अक १७ सेमी. ब जवळचा कोन विशालकोन आहे, जवळपास १२७ अंश. त्यामुळे क हा शिरोबिंदू पायाच्या वर नाही, तो ब च्या पलीकडे उजवीकडे झुकलेला आहे. क पासून सरळ खाली लंब टाकला तर तो पायावर पडत नाही. पाया ब च्या पुढे वाढवला, तर त्या वाढीव रेषेवर ब पासून ६ सेमी अंतरावर तो टेकतो. त्या बिंदूला ल म्हणू. कल ही उंची ८ सेमी आहे. बरोबर उत्तर ½ × ९ × ८, म्हणजे ३६ चौरस सेमी. आकृती वहीत काढून समोर ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

लक्षणं

बिघाड नेमका कुठे आहे ते चुकीचं उत्तरच सांगतं. मी वही हातात घेतली की आधी उत्तर पाहतो, रीत नंतर.

- उत्तर ४५ आलं : तिरकी बाजू १० हीच उंची धरली.
- उत्तर ७६.५ आलं : तोच प्रकार, फक्त १७ ची बाजू धरली.
- उत्तर ६० आलं : उंची बरोबर ८ घेतली, पण पाया ९ ऐवजी वाढवलेला १५ घेतला.
- उत्तर २४ आलं : ६ चा वाढीव तुकडाच पाया धरला. म्हणजे बाहेरच्या रिकाम्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढलं.
- उत्तर १२ आलं : बाहेरचे ६ पायातून वजा करून पाया ३ केला.
- उत्तर ५९.४ च्या आसपास काहीतरी विचित्र दशांश आला : क पासून पायाच्या मध्यावर एक रेघ ओढली, पट्टीने १३.२ मोजली आणि तिलाच उंची म्हटलं.

७२ आलं तर ½ राहिला. तो आजार वेगळा आहे, इथे त्याचा विचार करत नाही.

यांत ४५ सगळ्यात जास्त वेळा दिसतं. ६० मात्र हुशार पोरांच्या वहीत दिसतं, कारण उंची बाहेर पडते हे त्यांना कळलेलं असतं.

पहिली तपासणी : उत्तर शक्य तरी आहे का?

याला पट्टीही लागत नाही. विशालकोनाला लागून असलेल्या दोन बाजू घ्या, इथे ९ आणि १०. त्यांचा गुणाकार करून निम्मा करा, ४५ येतात. विशालकोन त्रिकोणाचं क्षेत्रफळ या आकड्यापेक्षा कमीच असलं पाहिजे. ४५ किंवा त्याहून जास्त आलं, तर पुढची रीत न पाहता उत्तर चूक समजा.

असं का? ९ सेमीचा पाया जमिनीवर आहे आणि ब पाशी १० सेमीची काडी बिजागरीसारखी फिरते, असं धरा. काडी उभी असेल तेव्हा तिचं टोक सगळ्यात उंच, म्हणजे १० सेमीवर असतं. ती डावीकडे झुको की उजवीकडे, टोक खाली येणारच. पावसाळ्यात काळ्या मातीत रोवलेला विजेचा खांब कलतो, तेव्हा खांबाची लांबी तेवढीच राहते पण तारेची जमिनीपासूनची उंची घटते, तसंच हे. आपली १० ची बाजू म्हणजे कललेला खांब आहे, आणि सूत्राला हवी आहे ती टोकाची जमिनीपासूनची उंची.

या एका तपासणीत ४५, ५९.४, ६० आणि ७६.५ ही चारही उत्तरं बाद होतात. २४ आणि १२ मात्र निसटतात, त्यांच्यासाठी पुढे जावं लागतं.

दुसरी तपासणी : वहीचा कोपरा

ज्या रेघेला तुम्ही उंची म्हटलं, ती पायाला जिथे भेटते तिथे वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा ठेवा. एक कड पायावर बसवा. दुसरी कड त्या रेघेवर तंतोतंत बसली तर ती उंची. रेघ कडेच्या बाहेर फाकली किंवा आत आली तर नाही. पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल झाले असतील तर कोऱ्या कागदाचा कोपरा घ्या.

उंची या आकृतीच्या आतच असली पाहिजे, असं मुलांना वाटत असतं. आतापर्यंत पुस्तकातल्या बहुतेक आकृत्यांत त्यांनी ती आतच पाहिलेली असते. म्हणून ती क पासून पायावर कुठेतरी आत रेघ ओढतात आणि काटकोनाची छोटी चौकट काढून मोकळी होतात. चौकट काढल्याने काटकोन होत नाही. आपल्या त्रिकोणात क पासून अब वर ओढलेली कोणतीही रेघ १० सेमी किंवा त्याहून लांबच येणार, कारण पायाचा क ला सगळ्यात जवळचा बिंदू ब हाच आहे. खरी उंची ८ आहे. ती आत सापडणार नाही, कितीही शोधा.

तिसरी तपासणी : उंची बाहेर नीट काढली का?

आता कंपासपेटीतला गुण्या काढा. पायाची रेघ विशालकोनाच्या बाजूने, म्हणजे ब च्या पुढे, तुटक रेघेने वाढवा. मुलं घाईत अ च्या बाजूनेही वाढवतात, मग लंब सापडतच नाही आणि त्यांना वाटतं की आकृतीच चुकली. अ जवळचा कोन लहान आहे, त्या बाजूला काही नाही.

वाढवलेल्या रेघेला पट्टी लावून घट्ट धरा. गुण्याची काटकोनातली एक कड पट्टीला टेकवून तो हळूहळू सरकवा. दुसरी उभी कड क ला शिवली की थांबा आणि रेघ ओढा. पट्टी हलली तर सगळं वाया जातं, म्हणून शेजारच्याला पट्टी धरायला सांगावं. मोजल्यावर बल ६ आणि कल ८ यायला हवं. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर चालतं. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक असेल तर आधी त्रिकोणाच्या बाजूच पुन्हा मोजा.

वाढवलेली रेघ तुटकच ठेवा. ती ठळक काढली की पुढच्या पायरीत हमखास ६० येतं.

चौथी तपासणी : पायात किती घातलं?

खरा घोळ इथे आहे. आठवीतल्या एका पोराने मला विचारलं होतं, "सर, उंची बाहीर गेली तं पाया बी बाहीर न्या लागन ना? नाही तं उंची पायावर पडतच नाही, मंग तिचा न् पायाचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. "सूत्रात तसंच आहे" असं उत्तर देऊन भागत नाही.

आकृतीत आता तीन त्रिकोण दिसतात. एक आपला अबक. दुसरा बाहेरचा बलक, यात काटकोन ल पाशी आहे. तिसरा या दोघांना मिळून झालेला मोठा अलक. त्याचाही काटकोन ल पाशीच आहे. मोठ्याचा पाया १५, लहानाचा ६, उंची दोघांची ८. काटकोन त्रिकोणाबद्दल शंका नसते, कारण तो आयताचा बरोबर अर्धा असतो. मोठा ½ × १५ × ८, म्हणजे ६०. लहान ½ × ६ × ८, म्हणजे २४. मोठ्यातून बाहेरचा तुकडा काढून टाकला की आपला त्रिकोण उरतो. ६० वजा २४ बरोबर ३६.

आता हीच वजाबाकी एका ओळीत लिहा. ½ × १५ × ८ − ½ × ६ × ८. दोन्हीकडे ½ आणि ८ आहेत. ते बाहेर काढले की ½ × (१५ − ६) × ८ राहतं, आणि १५ − ६ म्हणजे ९, आपला मूळ पाया. म्हणजे वाढवलेला भाग आधी मोजला गेला आणि वजाही झाला. म्हणून सूत्रात मूळ पायाच जातो. १२ काढणारं पोरगं ९ मधून आणखी एकदा ६ वजा करतं. ६० काढणारं ते वजा करायलाच विसरतं. २४ काढणारं टाकून द्यायचा तुकडा ठेवतं आणि ठेवायचा सोडून देतं. तिघांनाही हीच आकृती दाखवली की पुरतं.

मी कागद कापूनही दाखवतो. मोठा अलक कातरायचा, बक वर घडी पाडायची, बाहेरचा भाग कापून बाजूला ठेवायचा. हातात उरलेल्या तुकड्याची खालची कड किती, असं विचारलं की पोरं "नऊ" म्हणतात आणि मग वाद घालत नाहीत.

पाचवी तपासणी : कागद फिरवून पुन्हा काढा

उत्तर आलं, पण खात्री नाही. मग सगळ्यात लांब बाजूला पाया करा. विशालकोनासमोरची बाजू नेहमी सगळ्यात लांब असते आणि तिच्यावर टाकलेला लंब नेहमी आतच पडतो, कारण तिच्या दोन्ही टोकांचे कोन लघुकोनच असतात. वही फिरवून १७ ची बाजू खाली घ्या आणि ब पासून लंब टाका. पट्टीवर साधारण ४.२ सेमी येईल. ½ × १७ × ४.२ म्हणजे ३५.७. हे ३६ नाही म्हणून घाबरू नका. खरी उंची ४.२३५ च्या आसपास आहे, पट्टीवर तेवढं बारीक वाचता येत नाही. पण ३६ आणि ६० यांच्यातला निकाल लागायला एवढं पुष्कळ झालं.

गणितात आकृती दिलेली असेल आणि मोजायची मुभा असेल, तर मी मुलांना सरळ इथूनच सुरुवात करायला सांगतो. बाहेरच्या उंचीच्या फंदात पडायचं कारण नाही. परीक्षेत मात्र बाहेरची उंची आकड्यात दिलेली असते, तेव्हा चौथी तपासणी समजलेली असावी लागते.

सहावी तपासणी : उंची दिलेलीच नाही, फक्त तीन बाजू आहेत

ही सगळ्यात अवघड. पायथागोरसचं प्रमेय येत असेल तरच हात घाला.

आधी कोन विशाल आहे का ते पाहा. सगळ्यात लांब बाजूचा वर्ग १७ × १७ म्हणजे २८९. उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज ८१ + १०० म्हणजे १८१. लांब बाजूचा वर्ग मोठा, म्हणून कोन विशाल. दोन्ही सारखे असते तर काटकोन.

पुढची रीत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे सुमारे ११५० सालच्या ग्रंथात, नेमका हाच त्रिकोण आहे : बाजू १० आणि १७, पाया ९. तिथली रीत अशी. दोन तिरक्या बाजूंच्या वर्गांची वजाबाकी करा, २८९ − १०० = १८९. तिला पायाने भागा, १८९ ÷ ९ = २१. हे २१ पायापेक्षा, म्हणजे ९ पेक्षा, मोठे आले. लंब बाहेर पडतो याची ही खूण. आता २१ मधून ९ वजा करून निम्मे करा, ६ येतात. २१ मध्ये ९ मिळवून निम्मे करा, १५ येतात. लंबाच्या पायथ्यापासून पायाच्या दोन टोकांची ही अंतरं. भास्कराचार्य ६ ला ऋण म्हणतात आणि त्याचा अर्थ उलट्या दिशेला, म्हणजे पायाच्या बाहेर, असा सांगतात. मग उंची : १०० − ३६ = ६४, वर्गमूळ ८. क्षेत्रफळ ३६.

ताळा पाहायला आठवीतलं हिरोचं सूत्र आहे. अर्धपरिमिती १८. मग १८ × ९ × ८ × १ = १२९६, वर्गमूळ ३६. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला की काम झालं.

हाच त्रिकोण वावरात

आता सेंटिमीटरच्या जागी दहा-दहा फूट घ्या. रस्त्याच्या कडेला ९० फूट, एक धुरा १०० फूट, दुसरा धुरा १७० फूट. क्षेत्रफळ ३६०० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणून हा तुकडा ३.३ गुंठ्यांचा. "रस्ता गुणिले धुरा, भागिले दोन" असं करणाऱ्याला तो ४.१ गुंठे वाटतो. रस्त्याच्या सरळीत पुढे जाऊन पाया १५० धरणाऱ्याला ५.५ वाटतो. निंदणाचा गुत्ता या आकड्यावर दिला तर पैसे फुकट जातात.

वावरात बाहेरची उंची काढणं आणखी एका कारणाने त्रासाचं आहे. रस्त्यावर ६० फूट पुढे जाऊन तिथून काटकोनात ८० फूट मोजायचे, तर दोरी शेजाऱ्याच्या उभ्या तुरीतून न्यावी लागते. तो काहून नेऊ देईल? म्हणून इथे पाचवी तपासणीच कामाची. १७० फुटांच्या धुऱ्यावर दोरी ताणा. रस्ता आणि १०० फुटांचा धुरा जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरून तिच्यावर काटकोनात अंतर घ्या, साधारण ४२ फूट ४ इंच येईल. ही रेघ आपल्याच वावरात राहते. काटकोनासाठी गवंडी करतात तेच करा : धुऱ्यावर ८ फुटांची खूण, आडव्या दोरीवर ६ फुटांची खूण, दोन खुणांमधलं अंतर १० फूट भरलं की काटकोन.

फक्त तीन बाजू मोजून घरी हिरोच्या सूत्रात घालणं सोपं वाटतं, पण अशा चपट्या त्रिकोणात ते दगा देतं. १७० च्या जागी चुकून १७२ फूट मोजले गेले, तर सूत्र ३६०० ऐवजी ३४६५ च्या आसपास देतं, म्हणजे १३५ चौरस फूट कमी. तीच दोन फुटांची चूक पाया-उंचीच्या रीतीत ४२ चौरस फुटांवर भागते. ढिली सुतळी आणि धुऱ्याचा बाक दोन फूट सहज खातात, म्हणून वावरात मी उंची मोजायलाच सांगतो. सुतळीपेक्षा टेप बरा, आणि तो उतारावर न टेकवता आडवा ताणलेला हवा.

कुठे थांबायचं

विद्यार्थ्याने दोन ठिकाणी थांबावं. गणितात दोनच बाजू दिल्या असतील, उंची नाही, तिसरी बाजू नाही, कोनही नाही, तर उत्तर निघतच नाही. वहीत आकडे जुळवत बसू नका, सरांना किंवा मॅडमना दाखवा, छपाईत काहीतरी राहिलं असेल. दोन बाजू आणि मधला कोन १२७ अंश असं दिलं असेल, तर त्याला त्रिकोणमिती लागते. ती अजून झाली नसेल तर कोनमापकाने आकृती काढून उंची मोजा, आणि उत्तर अंदाजे आहे असं लिहा.

वावरासाठी हिशेब वेगळा. फवारणी, बियाणं, गुत्ता यापुरतं घरचं मोजमाप चालतं. खरेदी-विक्री, भावाभावातली वाटणी किंवा धुरा सरकल्याचं भांडण असेल, तर टेप गुंडाळून ठेवा. तुमचा त्रिकोण कितीही बरोबर असला तरी तो कागदोपत्री धरत नाहीत. तालुक्याच्या उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात सातबारा घेऊन मोजणीचा अर्ज करा. भूकरमापक येण्याआधी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यामुळे शेजाऱ्याला तुम्हीही अगोदर सांगून ठेवा, आणि हद्दीचे दगड गवतात दबले असतील तर तेवढे मोकळे करून ठेवा.